फोनमधला चष्मा आणि नाकावरचा चष्मा

बरेच दिवस ब्लॉगकडे फिरकले नव्हते. मध्यंतरी नातेवाइकांत एकच विषय फिरत होता, तो म्हणजे फोनमध्ये चष्मा घालून बघण्याचा. ऍप उघडायचं, कॅमेऱ्यासमोर मान डावीकडे-उजवीकडे वळवायची, आणि एकामागून एक फ्रेमा आपल्या चेहऱ्यावर चढतात. लहानथोर सगळ्यांनी हा खेळ खेळून झाला. फॅमिली ग्रुपवर फोटो आले, कोणाला कोणती शोभते यावर मतदान झालं, आजीला कॅट-आय घालून झाली. मजा आली हे कबूल. पण त्यातल्या दोन-तीन जणांनी त्या फोटोंच्या भरवशावर खरोखर चष्मे मागवले, आणि तिथून पुढे जे झालं ते बघून माझं एक मत बनलंय. तेच आज लिहिते.

मत असं. ही ऍप्स फ्रेम कशी दिसेल ते बऱ्यापैकी खरं सांगतात. ती कुठे बसेल हे त्यांना कळत नाही. आणि चष्म्याच्या काचेचं सगळं काम ती नाकावर नेमकी कुठे बसते यावरच अवलंबून असतं.

आधी मापाचं बघू. फोटोत माप नसतं. तुमचा चेहरा आणि तुमच्या बाळाचा चेहरा वेगवेगळ्या अंतरावरून काढला तर दोन्ही पडदाभर दिसतील. कॅमेऱ्याला एकच डोळा असतो, त्यामुळे समोरचं तोंड पंधरा सेंटिमीटर रुंद आहे की तेरा, हे त्याला आपोआप कळण्याचा मार्ग नाही. मग ऍप काय करतं? काही ऍप्स तर काहीच करत नाहीत. ती फ्रेम तुमच्या तोंडाला बसेल एवढी ताणतात किंवा आक्रसतात आणि मोकळी होतात. म्हणजे प्रत्येक फ्रेम प्रत्येकाला अगदी मापात! अशा ऍपमध्ये एक अरुंद आणि एक रुंद फ्रेम लागोपाठ घालून बघा. दोन्ही तेवढ्याच रुंद दिसल्या तर समजायचं की इथे मापाचा पत्ता नाही, नुसतं चित्र चिकटवलेलं आहे.

जी ऍप्स जरा प्रामाणिक आहेत ती कशाचा तरी आधार घेतात. एक आधार म्हणजे बुबुळ. माणसाच्या डोळ्यातलं रंगीत वर्तुळ आडवं मोजलं तर बहुतेकांत ११.७ मिलिमीटरच्या आसपास भरतं, साधारण अर्धा मिलिमीटर इकडे किंवा तिकडे. गूगलने २०२० साली याच गोष्टीवर आधारलेलं तंत्र सगळ्यांसाठी खुलं केलं. साध्या कॅमेऱ्यातून बुबुळ ओळखायचं आणि त्यावरून चेहरा किती अंतरावर आहे ते काढायचं. कल्पना सुंदर आहे. पण ११.७ मध्ये अर्धा मिलिमीटर म्हणजे चार टक्क्यांहून थोडं जास्त. आणि चष्म्याच्या १४० मिलिमीटर रुंदीवर चार टक्के म्हणजे जवळपास सहा मिलिमीटर. सहा मिलिमीटरमध्ये फ्रेम एक साइज वर किंवा खाली जाते. म्हणजे गणित अगदी बिनचूक केलं तरी तुमचं बुबुळ जन्मतःच थोडं मोठं असेल तर उत्तर चुकलं.

दुसरा आधार म्हणजे बँकेचं कार्ड. जगभर सगळी एटीएम कार्डं ८५.६० मिलिमीटर रुंद असतात, त्यामुळे कार्ड चेहऱ्यावर धरून फोटो काढला की ऍपला फूटपट्टी मिळते. तिसरा आधार, आणि माझ्या मते सर्वांत भरवशाचा, म्हणजे खोली मोजणारा कॅमेरा. २०१७ च्या आयफोन टेनपासून चेहरा ओळखून कुलूप उघडणाऱ्या आयफोनमध्ये तो असतो. तो चेहऱ्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या ठिपक्यांची जाळी टाकून खरं अंतर मोजतो. अमेरिकेतल्या वॉर्बी पार्करने त्याच वर्षी हा कॅमेरा वापरून फ्रेमा सुचवायला सुरुवात केली आणि २०१९ मध्ये ती घालून बघायचीही सोय केली. पण पिंपळगावात दहातल्या आठ-नऊ हातांत साधा अँड्रॉइड असतो. (हे आपलं माझं मोजमाप, बसस्टँडवर उभं राहून केलेलं!) तेव्हा आपल्या वाट्याला येतं ते बुबुळ नाहीतर कार्ड.

आता मामांची गोष्ट सांगते, म्हणजे कार्डाचं काय होतं ते कळेल.

मामा पिंपळगाव बसवंतलाच असतात. द्राक्षबाग आहे, थोडा कांदा, थोडे टोमॅटो. वय चोपन्न. दूरचा नंबर उणे सव्वा, आणि वाचायला त्यावर अधिक सव्वादोनची ऍडिशन. इतकी वर्षं ते बायफोकल वापरायचे. पुण्याचा मामेभाऊ सुट्टीला आला तेव्हा म्हणाला, "अण्णा, किती दिवस ती रेघेची काच वापरणार? मी प्रोग्रेसिव्ह मागवतो." प्रोग्रेसिव्ह म्हणजे रेघ नसलेली, वर दूरचं, खाली जवळचं आणि मधे हळूहळू बदलत जाणारी काच. ऍप उघडलं, फ्रेमा चढवल्या. एक काळी, जराशी चौकोनी फ्रेम मामांना इतकी शोभून दिसली की मामीसुद्धा म्हणाल्या, "बाई, साहेब दिसता हो!"

मग ऍपने माप घ्यायला सांगितलं. कार्ड कपाळाला लावा म्हणे. आता मामा टोपी काढायला तयार नाहीत. बराच वेळ हो-ना झाल्यावर कार्ड नाकाखाली, मिशीवर धरलं आणि फोटो निघाला. ऍपने तो निमूटपणे घेतला आणि निकाल दिला: मध्यम साइज, ही फ्रेम तुम्हाला चांगली बसेल.

मला हे सगळं नंतर कळलं. चष्मा आला, मामांनी चार दिवस घातला आणि माझ्याकडे तक्रार आली: "अगं, खाली घसरतो. आणि हिशोबपट्टी वाचायची तर मान अशी वर करावी लागते, कोंबड्याने बांग द्यावी तशी." बाजार समितीतून मिळणारी हिशोबपट्टी म्हणजे मामांचं सर्वांत महत्त्वाचं वाचन. तेव्हा विषय गंभीर होता.

मी फूटपट्टी घेऊन बसले. मामांच्या जुन्या स्टीलच्या चष्म्याची पुढची बाजू, एका बिजागरीच्या बाहेरच्या टोकापासून दुसरीच्या टोकापर्यंत, १४१ मिलिमीटर भरली. नव्याची भरली १३३. आठ मिलिमीटरचा फरक! तो कुठून आला असेल याचा हिशेब करून पाहिला. फोन तोंडापासून ३५ सेंटिमीटरवर होता असं धरू. मिशीवरचं कार्ड डोळ्यांच्या पातळीपेक्षा दोन सेंटिमीटर पुढे, म्हणजे कॅमेऱ्यापासून ३३ वर. जवळची वस्तू मोठी दिसते. कार्ड सहा टक्के मोठं दिसलं, म्हणजे त्या कार्डाच्या मानाने चेहरा सहा टक्के लहान ठरला. १४१ मधून सहा टक्के वजा करा. बरोबर १३३ च्या आसपास येतं. ऍपच्या आत काय चालतं ते मी पाहिलेलं नाही, पण दोन सेंटिमीटरने एवढा घोटाळा होऊ शकतो हे शाळेतल्या भूमितीवरूनच दिसतं. कार्ड कपाळावर नीट टेकवलं असतं तर चूक कमी झाली असती.

इथे मामेभाऊ मला म्हणाला, "पण ताई, काडीवरचे आकडे तर जवळपास सारखेच होते." ते खरंच होते. प्रत्येक फ्रेमच्या काडीच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात तीन आकडे असतात, मधे छोटा चौकोन. जुन्यावर ५४□१७-१४५, नव्यावर ५२□१८-१४०. पहिला आकडा एका काचेची रुंदी, दुसरा दोन काचांमधलं नाकावरचं अंतर, तिसरा काडीची लांबी. दोन काचा आणि मधला पूल मिळवले तर जुन्याचे १२५ होतात, नव्याचे १२२. फरक फक्त तीनचा. उरलेले पाच मिलिमीटर कुठे गेले? ते काचेच्या बाहेर, बिजागरीपर्यंत जो फ्रेमचा कान निघतो त्यात. तो या तीन आकड्यांत मोजलेलाच नसतो. म्हणून माझं सगळ्यांना सांगणं आहे की ऑनलाइन बघताना "एकूण रुंदी" दिलेली असेल तर ती बघा, आणि घरात जो चष्मा नीट बसतो त्याच्यावर पट्टी ठेवून ताडून पाहा. ऍपच्या फोटोपेक्षा ही जुनी फूटपट्टी जास्त खरं बोलते.

बरं, फ्रेम अरुंद होती तर ती आवळायला हवी, घसरते कशी? हे मलाही आधी उलटं वाटलं. पिंपळगावातल्या आमच्या चष्मेवाल्यांनी चष्मा मामांना घालून, बाजूने बोट दाखवून समजावलं. काड्या कानशिलावर दाबून फाकत होत्या. काडीने सरळ कानापर्यंत जाऊन मग मागे वळायला हवं. ती आधीच डोक्यावर दाबली की डोकं तिला पुढे ढकलतं. ओल्या बोटांत चिंचोका दाबला की तो पुढे सटकतो ना, तसं. वर फ्रेम प्लॅस्टिकची, नाकावरचा भाग तिच्यातच घडवलेला, वेगळे पॅड नाहीत. मामांच्या नाकाचा उंचवटा वरती बसका आहे, त्यामुळे फ्रेमला टेकायला जागाच नव्हती. त्यात बागेतला घाम. चष्मा चार मिलिमीटर खाली येऊन थांबायचा.

फोनमध्ये यातलं काहीच दिसलं नव्हतं, आणि दिसणारही नव्हतं. फोनमधली काडी कानशिलातून आरपार जाते आणि कोणाला दुखत नाही. ऍप नाकाचा एक बिंदू धरतं आणि फ्रेम तिथे टांगतं. तिला वजन नसतं, ती घसरत नाही, गालाला टेकत नाही, पापण्या काचेला घासत नाहीत. हसून बघा म्हणावं फोनसमोर. खऱ्या चष्म्यात हसलं की गाल वर येतात आणि मोठी फ्रेम उचलली जाते. फोनमधली आपली जागच्या जागी!

आता चार मिलिमीटर म्हणजे काय एवढं, असं वाटेल. साध्या एका नंबरच्या, कमी नंबरच्या चष्म्यात खरंच फार काही नाही. पण प्रोग्रेसिव्हमध्ये काच घासताना एक खूण ठरलेली असते. सरळ समोर बघताना बाहुली जिथे येते तिथे ती यायला हवी. त्या खुणेपासून खाली साधारण १४ ते १८ मिलिमीटरवर, काचेच्या प्रकाराप्रमाणे, वाचायचा भाग पूर्ण मिळतो. मामांचा चष्मा चार मिलिमीटर खाली आला म्हणजे वाचायचा भागही चार मिलिमीटर खाली गेला. तिथपर्यंत डोळे वळत नाहीत, म्हणून मान वर. कोंबड्याची बांग ती हीच.

आडव्या बाजूलाही तसंच. दोन बाहुल्यांमधलं अंतर, ज्याला चष्मेवाले पीडी म्हणतात, ते आपल्याकडे डॉक्टरांच्या कागदावर बरेचदा लिहिलेलं नसतं. ऍप ते सेल्फीवरून काढतं. पण फोन हातभर अंतरावर असतो, आणि जवळ बघताना दोन्ही डोळे आत वळतात, त्यामुळे अंतर तीन-चार मिलिमीटरने कमी भरतं. चांगलं ऍप ते दुरुस्त करतं, पण तुम्ही नेमकं कुठे बघत होतात हे त्याला गृहीत धरावं लागतं. शिवाय प्रोग्रेसिव्हला नुसती बेरीज चालत नाही, प्रत्येक डोळ्याचं नाकापासूनचं अंतर वेगळं लागतं. मामांचं नंतर दुकानात मोजलं: उजवा ३२, डावा ३१. उंचीही दोन्ही डोळ्यांची सारखी नव्हती. माणसाचं तोंड म्हणजे काही छापील चित्र नाही.

आमच्या चष्मेवाल्यांनी आधी आलेलाच चष्मा वाचवायचा प्रयत्न केला. काड्या गरम हवेवर धरून फाकवून पाहिल्या. पण ती फ्रेम टीआर-नव्वद नावाच्या लवचिक प्लॅस्टिकची होती. ती वाकते आणि परत होती तिथे येते. जाहिरातीत हा तिचा गुण, दुरुस्तीत हाच दोष. ऍसिटेटची असती तर गरम करून बरीच वळवता आली असती, धातूची असती तर पॅड आत-बाहेर करता आले असते. शेवटी ते म्हणाले, "काका, काच मी सरकवू शकत नाही. ती जिथे घासली तिथेच." पैसे घेतले नाहीत. मला ते बरं वाटलं नाही, त्याबद्दल खाली लिहितेच.

मग नवी फ्रेम. धातूची, हलणारे पॅड असलेली, ५५□१७-१४५. आणि इथे त्यांनी ज्या क्रमाने काम केलं तो मला महत्त्वाचा वाटला. आधी फ्रेम बसवली. पॅड जवळ-लांब केले, काडीचा बाक कानाच्या नेमका मागे आणला, मामांना खाली वाकून मान हलवायला लावली. चष्मा हलला नाही तेव्हा म्हणाले, "आता उभे राहा आणि समोरच्या दुकानाची पाटी बघा." मग फ्रेमसोबत येणाऱ्या नुसत्या दाखवायच्या काचेवर पेनाने बाहुलीसमोर ठिपका काढला, एका डोळ्याचा एक, दुसऱ्याचा एक. ठिपक्यापासून खालच्या कडेपर्यंत मोजलं. आधी ठिपका आणि मग फ्रेम वळवली तर ठिपक्याला अर्थ उरत नाही. हे साधं आहे, पण घरपोच आलेल्या चष्म्यात ते घडूच शकत नाही, कारण काच आधीच घासलेली असते.

बोलता बोलता त्यांनी आणखी एक विचारलं: "बागेत थिनिंगला कोणता चष्मा लावता?" मामा गप्प. द्राक्षाचे घड मांडवाला डोक्यावर लटकतात. मणी विरळायचे तर मान वर करून, हातभर अंतरावरचं, बारीक बघायचं. प्रोग्रेसिव्हमध्ये वर दूरचा नंबर आणि जवळचा अगदी खाली. म्हणजे जिथून बघायचं तिथे नेमका चुकीचा नंबर! ते कुठल्याही फ्रेमने सुटत नाही. त्यांनी मांडवाखाली वापरायला एका नंबरचा, फक्त हातभर अंतराचा वेगळा स्वस्त चष्मा सुचवला. हा प्रश्न कुठल्या ऍपने विचारलेला मी अजून पाहिला नाही.

भाचीचं प्रकरण वेगळं, थोडक्यात सांगते. तिचा नंबर उणे सहा आणि पीडी ६०. तिला फोनमध्ये मोठ्ठी गोल फ्रेम भारी आवडली, ५४□१८. फोनमध्ये काच म्हणजे नुसती पारदर्शक हवा. तिची जाडी दिसत नाही, आणि उणे नंबरामागे डोळे लहान दिसतात तेही दिसत नाही. या फ्रेमच्या दोन काचांच्या मध्यांमधलं अंतर ५४ अधिक १८, म्हणजे ७२. तिचे डोळे ६० वर. म्हणजे प्रत्येक काचेचा ऑप्टिकल मध्य सहा मिलिमीटर नाकाकडे सरकवावा लागणार आणि बाहेरची कड तेवढी लांब, तेवढीच जाड होणार. साध्या १.५ इंडेक्सच्या काचेत ती कड आठ मिलिमीटरच्या आसपास जाते. तिला ४७□१९ ची फ्रेम घ्यायला लावली तर तीच कड साडेपाच-पावणेसहावर येते. अडीच मिलिमीटर वाचले ते काचेवर जादा खर्च न करता, नुसती फ्रेम बदलून. तिने मागवण्याआधी विचारलं म्हणून बरं.

तर मग ऍप वापरायचंच नाही का? तसं माझं म्हणणं नाही. पिंपळगावच्या दुकानात शे-दीडशे फ्रेमा, फोनमध्ये हजारो. आणि आमच्यासारख्यांची खरी अडचण वेगळीच असते. चष्मा काढून आरशात बघितलं तर आपलंच तोंड धूसर, नवी फ्रेम कशी दिसते ते कळणार कसं? फोनमध्ये फोटो काढून, मग आपला चष्मा लावून निवांत बघता येतं. रंग कोणता, गोल की चौकोनी, भुवया झाकल्या जातात का, एवढं फोनवर ठरवावं. नकोत त्या फ्रेमा बाद करायला तर ते फारच चांगलं. कमी नंबर, एकच नंबर, आणि आधीचा चष्मा मोजून घेतलेला असेल तर ऑनलाइन मागवायलाही माझी हरकत नाही. पण प्रोग्रेसिव्ह, बायफोकल, मोठा नंबर आणि लहान मुलं, ज्यांच्या नाकाचा उंचवटा अजून तयारच झालेला नसतो, यांच्यासाठी फ्रेम नाकावर चढवल्याशिवाय काच घासायला देऊ नये, या मतावर मी ठाम आहे.

आणि राहता राहिला पैशांचा मुद्दा. आपल्याकडे चष्मेवाले मोजमाप, बसवणं, पॅड बदलणं, स्क्रू आवळणं हे सगळं फुकट करतात आणि फ्रेमच्या किमतीत वसूल करतात. मग लोक दुकानात पंचवीस फ्रेमा घालून बघतात, काडीवरचे आकडे फोनमध्ये टिपतात आणि घरी जाऊन तीच स्वस्तात मागवतात. घसरली की परत त्याच दुकानात! मी आमच्या चष्मेवाल्यांना म्हटलं, "तुम्ही बाहेरच्या फ्रेमच्या बसवणीचे वेगळे पैसे लावा. पाटी लावा सरळ. नंबरांबरोबर उंची आणि पीडी लिहून द्या, त्याचेही घ्या." ते हसले. म्हणाले, "ताई, पाटी लावली तर लोक म्हणतील, नुसतं बघायचे पैसे घेतो." मला ते पटलेलं नाही. गवंडी ओळंबा लावायचे वेगळे पैसे घेत नाही हे खरं, पण भिंतही तोच बांधतो.

मामेभावाने पहिला चष्मा परत पाठवला. फ्रेमचे पैसे मिळाले, नंबरप्रमाणे घासलेल्या काचांचे नाही. मामा आता धातूच्या फ्रेमने हिशोबपट्टी मान न उचलता वाचतात. मांडवाखालचा दुसरा चष्मा बागेतल्या शेडमध्ये खिळ्याला टांगलेला असतो, आणि तो घरी आणायचा नाही अशी मामींची सक्त ताकीद आहे, कारण घरी आला की हरवतो.